तिकीट स्वस्त झाल्यावर फरक कुणाला मिळतो

विमानाचे तिकीट काढून झाल्यावर त्याच विमानातल्या तशाच जागेचे भाडे उतरले, तर जुने तिकीट नव्या भाड्यात बदलून घेता येते आणि मधला फरक प्रवाशाच्या नावे जमा होतो. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांच्या बहुतेक देशांतर्गत तिकिटांना आज ही सोय आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही. भाडे उतरल्याचे कंपनी कळवत नाही. ते प्रवाशानेच पाहायचे, तिकीट त्यानेच बदलायचे आणि जमा झालेली रक्कम मुदतीत त्यानेच वापरायची. ती रक्कमही रोख नसते. पुढच्या प्रवासासाठी त्याच कंपनीकडे ठेवलेली ती एक जमा असते. तिला बोलीभाषेत सगळेच क्रेडिट म्हणतात. कंपन्यांनी मात्र तिला ‘फ्यूचर फ्लाइट क्रेडिट’, ‘ट्रिप क्रेडिट’, ‘ई-क्रेडिट’ अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. हे क्रेडिट कोणत्या तिकिटावर मिळते आणि कोणत्या नाही, हे तिकीट काढतानाच ठरून जाते.

२०२० पूर्वी या व्यवहारात फारसा अर्थ नव्हता. मोठ्या कंपन्या देशांतर्गत तिकीट बदलायचे सुमारे २०० डॉलर घेत. भाडे ६० किंवा १०० डॉलरनी उतरले तरी बदलशुल्क त्याहून मोठे, त्यामुळे हाती काहीच येत नसे. साउथवेस्ट ही कंपनी पूर्वीपासून बदलशुल्क घेत नव्हती, म्हणून तिचे नेहमीचे प्रवासी तिकीट काढल्यावरही अधूनमधून भाडे तपासत असत. महामारीत विमाने रिकामी पडली. पुढच्या बेताची खात्री नसताना तिकीट काढायला लोक कचरू लागले, तेव्हा ३० ऑगस्ट २०२० रोजी युनायटेडने बदलशुल्क कायमचे काढून टाकल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी डेल्टा आणि अमेरिकन या कंपन्यांनीही तेच केले.

पण बदलशुल्क नसणे आणि भाड्याचा फरक परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुल्क माफ झाले तेव्हा अमेरिकन कंपनीने स्वस्त विमानावर गेलेल्या प्रवाशाला फरकाचे क्रेडिट देऊ केले. युनायटेडच्या सुरुवातीच्या नियमात तसे नव्हते: महाग विमानावर गेल्यास फरक भरायचा आणि स्वस्त विमानावर गेल्यास फरक सोडून द्यायचा, असा तो एकतर्फी हिशेब होता. पुढे युनायटेडनेही नियम बदलला आणि फरक देऊ लागली. म्हणून कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत ‘बदलशुल्क नाही’ एवढेच वाचून थांबू नये. नवे भाडे कमी असल्यास उरलेल्या रकमेचे काय होते, हे भाडेनियमांत वेगळे लिहिलेले असते आणि पाहायचे असते ते वाक्य.

भाडे मुळात का उतरते, हे समजले की केव्हा तपासावे हेही समजते. एका विमानातल्या साध्या वर्गाच्या सगळ्या जागा एकाच भावाने विकल्या जात नाहीत. त्यांचे दहा-बारा कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक अक्षर व एक भाडे असते. स्वस्त कप्प्यातल्या जागा संपल्या की पुढचा, महाग कप्पा विक्रीला येतो. कोणत्या कप्प्यात किती जागा ठेवायच्या, हे कंपनीची संगणक-व्यवस्था सतत ठरवत असते. एखाद्या विमानाची विक्री अपेक्षेपेक्षा मंद असली की बंद केलेला स्वस्त कप्पा पुन्हा उघडला जातो. दुसऱ्या कंपनीने त्याच मार्गावर भाडे उतरवले की हीदेखील तेवढे उतरवते. कधी कुणी आपले आरक्षण रद्द केले आणि त्याची जागा स्वस्त कप्प्यात परत आली, तर तास-दोन तासांपुरताच भाव खाली येतो.

याच्या उलट, अनेक स्वस्त भाड्यांना आगाऊ खरेदीची अट असते: प्रवासाच्या २१, १४ किंवा ७ दिवस आधी तिकीट काढले तरच ते भाडे लागू. त्यामुळे प्रवासाला तीन आठवडे उरेपर्यंत भाडे खाली येण्याची शक्यता बरी असते. त्यानंतर एकेक अट ओलांडली जाते, तसे भाडे पायरीपायरीने वरच चढते. चार महिने आधी तिकीट काढलेल्याने आठवड्यातून एकदा भाव पाहावा, आणि २१ दिवसांची रेषा ओलांडण्याच्या आदल्या दिवशी एकदा नक्की पाहावा. रोज पाहण्यात फार काही हाती लागत नाही. गूगल फ्लाइट्ससारख्या सेवेत ठरावीक विमान निवडून ठेवले की भाव बदलल्यावर ईमेल येतो, आणि हे काम आणखी हलके होते.

आता तिकिटांचे प्रकार. अमेरिकन कंपन्यांच्या साध्या वर्गात तीन थर दिसतात. सर्वांत खालचा थर बेसिक इकॉनॉमीचा. त्याच्या वर नेहमीचे साधे तिकीट असते, ज्याचे पैसे परत मिळत नाहीत पण जे बदलता येते. आणि सर्वांत वर पूर्ण परताव्याचे तिकीट. फरकाचे क्रेडिट हा प्रामुख्याने मधल्या थराचा हक्क आहे. पूर्ण परताव्याच्या तिकिटावर तर क्रेडिटचीही गरज नसते: स्वस्त भाड्याचे नवे तिकीट काढून जुने रद्द केले की मूळ पैसे ज्या कार्डावरून भरले त्याच कार्डावर परत येतात. पण ते तिकीट इतके महाग असते की केवळ भाडे उतरेल या आशेने ते कुणी घेऊ नये.

खरी गुंतागुंत बेसिक इकॉनॉमीत आहे. शोधयादीत सर्वांत वर, सर्वांत कमी आकड्याने झळकते ते हेच तिकीट. युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही कंपन्यांचे बेसिक तिकीट नेहमीच्या तिकिटासारखे फुकट बदलता येत नाही. रद्द करता आलेच, तर शुल्क कापून उरेल तेवढेच क्रेडिट मिळते. अमेरिकन कंपनी आपल्या सदस्यांना देशांतर्गत बेसिक तिकीट ९९ डॉलर कापून रद्द करू देते; म्हणजे भाडे ९९ डॉलरहून अधिक उतरले तरच त्या खटाटोपाला अर्थ. अलास्का एअरलाइन्सच्या ‘सेव्हर’ भाड्यात प्रवासाच्या किमान १४ दिवस आधी रद्द केल्यास निम्मी रक्कम क्रेडिट म्हणून मिळते. तिथे भाडे निम्म्याहूनही खाली गेल्याशिवाय फायदा नाही, आणि इतकी घसरण क्वचितच होते. जेटब्लूच्या ‘ब्लू बेसिक’ तिकिटावर अमेरिका, मेक्सिको, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेसाठी १०० डॉलर, इतर ठिकाणांसाठी २०० डॉलर शुल्क आहे.

डेल्टाने २०२५ मध्ये वर्गांची नावे बदलली, तेव्हापासून एक नवा गोंधळ झाला आहे. आधी ‘मेन केबिन’ म्हणजे बदलता येणारे तिकीट आणि ‘बेसिक’ म्हणजे न बदलणारे, असा सरळ भेद होता. आता ‘मेन’च्या पोटात ‘मेन बेसिक’, ‘मेन क्लासिक’ आणि ‘मेन एक्स्ट्रा’ असे तीन प्रकार आहेत. ‘मेन’ हा शब्द पाहून निर्धास्त झालेला प्रवासी नकळत ‘बेसिक’ घेऊन बसू शकतो. फरकाचे क्रेडिट हवे असेल तर ‘क्लासिक’ घ्यावे लागते. ‘एक्स्ट्रा’ हा पूर्ण परताव्याचा प्रकार आहे.

साउथवेस्टची गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२२ मध्ये तिने आपल्या क्रेडिटची मुदतच काढून टाकली होती, आणि अमेरिकेतल्या प्रवाशांसाठी त्याहून सोयीचा नियम दुसऱ्या मोठ्या कंपनीत नव्हता. २८ मे २०२५ पासून नवे बेसिक भाडे आले आणि मुदतही परत आली: बेसिक तिकिटातून आलेल्या क्रेडिटला सहा महिने, इतर तिकिटांना बारा महिने, आणि दोन्ही तिकीट काढल्याच्या तारखेपासून मोजायचे. बेसिक तिकीट सरळ बदलता येत नाही, पण रद्द करता येते आणि रद्द केल्यावर क्रेडिट मिळते. त्यामुळे भाडे उतरल्यावर रद्द करून त्या क्रेडिटमधून तेच विमान पुन्हा घेण्याचा मार्ग खुला राहतो. त्यात खड्डा आहे तो मुदतीचा. चार महिने आधी काढलेल्या बेसिक तिकिटाचा फरक प्रवासाच्या दिवशी जेमतेम दोन महिन्यांच्या उपयोगाचा उरतो. नोकरी-शाळेच्या सुट्ट्या पाहून वर्षातून एकदाच प्रवास करणाऱ्या कुटुंबाच्या हातून अशी रक्कम बहुधा निसटते.

हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणात पाहता येईल. समजा, न्यू जर्सीत राहणाऱ्या आई, वडील आणि मुलगी अशा तिघांनी १० फेब्रुवारीला नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को असे जाऊन-येऊन तिकीट काढले. प्रवास १२ जूनचा. नेहमीच्या साध्या वर्गाचे मूळ भाडे माणशी ३०० डॉलर. त्यावर ७.५ टक्के केंद्रीय अबकारी कर, म्हणजे २२.५० डॉलर. याशिवाय ठरावीक रकमेची शुल्के असतात, जसे प्रत्येक वेळी निघताना ५.६० डॉलर सुरक्षाशुल्क आणि विमानतळाचे प्रवासी सुविधा शुल्क. भाडे कितीही असो, ही शुल्के तेवढीच राहतात. २२ एप्रिलला त्याच विमानांचे मूळ भाडे २४० डॉलर झाले. आता कर १८ डॉलर. मूळ भाड्यात ६० आणि करात ४.५०, असा माणशी ६४.५० डॉलरचा फरक पडला. करातला फरकही क्रेडिटमध्ये धरला जातो, कारण नवे तिकीट जुन्याच्या एकूण किमतीतून वजा होते. तिघांचे मिळून १९३.५० डॉलर झाले.

पण ही एक रक्कम नसते. प्रत्येकाच्या नावे ६४.५० डॉलरची तीन वेगळी क्रेडिटे तयार होतात आणि बहुतेक कंपन्यांत ती एकमेकांना देता येत नाहीत. मुलीचे क्रेडिट तिच्याच तिकिटाला चालेल. वडील ऑक्टोबरमध्ये एकटे कुठे जाणार असतील, तर त्यांना स्वतःचेच ६४.५० डॉलर वापरता येतील. मुदतही बऱ्याच ठिकाणी बदलाच्या दिवसापासून नव्हे, मूळ तिकिटाच्या तारखेपासून मोजतात. एप्रिलमध्ये मिळालेले हे क्रेडिट मग पुढच्या १० फेब्रुवारीला संपेल, म्हणजे हाती वर्ष नव्हे, साडेनऊ महिने. त्यातही काही कंपन्यांत मुदतीपूर्वी तिकीट काढले की पुरते, प्रवास नंतर केला तरी चालतो; काहींत मुदतीच्या आत प्रवासच व्हावा लागतो. क्रेडिट मिळाल्याच्या ईमेलमध्ये दोहोंपैकी कोणती तारीख दिली आहे, हे त्याच दिवशी पाहून दिनदर्शिकेवर टिपून ठेवावे. सर्वाधिक क्रेडिटे इथेच वाया जातात: फरक मिळवण्याचे कष्ट घेतलेले असतात, पण तारीख विसरलेली असते.

याच उदाहरणात दुसरी बाजूही पाहायला हवी. १० फेब्रुवारीला त्याच विमानाचे बेसिक तिकीट एका बाजूला ३० डॉलरनी स्वस्त असते, तर जाऊन-येऊन माणशी ६० डॉलर त्याच क्षणी खिशात राहिले असते, आणि तेही रोख. नेहमीचे तिकीट घेणाऱ्याला अडीच महिन्यांनी ६४.५० डॉलर मिळाले, पण ते त्याच कंपनीत, स्वतःच्या नावे आणि मुदतीत वापरायच्या अटीवर. अशा वेळी बेसिकवाला मागे राहिला असे म्हणता येत नाही. केवळ भाडे उतरेल म्हणून वरचे तिकीट घेणे हा फारसा चांगला सौदा नाही. बेत बदलण्याची शक्यता असेल, शेजारी-शेजारी जागा हव्या असतील किंवा युनायटेडप्रमाणे बेसिकवर मोठी हातबॅग नेता येत नसेल, तर वरचे तिकीट त्या कारणांसाठी घ्यावे. फरकाचे क्रेडिट हा त्याचा वरकड लाभ समजावा. आणि हा लाभ एकदाच मिळतो असे नाही. मेमध्ये भाडे आणखी उतरले तर तेच तिकीट पुन्हा बदलता येते.

प्रत्यक्ष बदलण्यापूर्वी दिसणारा स्वस्त आकडा खराच आपला आहे का, हे तपासावे लागते. शोधयादी बेसिकचा भाव दाखवते. आपले तिकीट नेहमीचे असेल तर तुलना त्याच प्रकाराशी करायची. तीच तारीख, तेच विमान, जाणे-येणे दोन्ही आणि तितकीच माणसे, असा शोध घ्यावा. माणसांची संख्या इथे फार महत्त्वाची आहे. तिघांसाठी शोध घेतला आणि स्वस्त कप्प्यात दोनच जागा असल्या, तर यंत्रणा दोन स्वस्त आणि एक महाग असे दाखवत नाही. तिघांनाही महाग भाडे सांगते. म्हणून भाव हलला नाही असे वाटले, तरी एकदा दोघांसाठी आणि एकदा एकासाठी शोधून पाहावे. तसा स्वस्त कप्पा सापडल्यास कंपनीला फोन करून आरक्षण दोन भागांत फोडून घेता येते आणि दोघांचे तिकीट बदलता येते. मात्र फुटलेली आरक्षणे यंत्रणेला वेगवेगळी दिसतात. विमान रद्द झाले तर आई-मुलगी एका विमानात आणि वडील दुसऱ्यात, असे होऊ शकते. लहान मूल बरोबर असेल तर तेवढ्या रकमेसाठी हा धोका पत्करू नये.

बदलाचे दोन मार्ग आहेत. पहिला, कंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून ‘विमान बदला’ हा पर्याय घ्यायचा आणि नव्या यादीतून तेच विमान पुन्हा निवडायचे. नवे भाडे कमी असेल तर शेवटच्या पडद्यावर किती क्रेडिट मिळेल ते दिसते. तो आकडा दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथे शून्य किंवा नुसतेच ‘जादा रक्कम नाही’ असे दिसत असेल, तर फरक बुडणार आहे असे धरून मागे फिरावे. हा मार्ग सुरक्षित आहे, कारण नवे तिकीट पक्के होईपर्यंत जुने हातून जात नाही. काही संकेतस्थळे बदलाच्या यादीत आपलेच विमान दाखवत नाहीत. मग दुसरा मार्ग उरतो: तिकीट रद्द करून सगळी रक्कम क्रेडिटमध्ये घ्यायची आणि त्यातून तेच विमान पुन्हा काढायचे. यात रद्द करणे आणि पुन्हा काढणे यांच्या मधल्या काही मिनिटांत भाडे वर जाण्याचा धोका असतो. जागा मोजक्याच उरल्या असतील तर संकेतस्थळाशी झगडण्यापेक्षा फोन करून प्रतिनिधीकडून थेट बदलून घेणे बरे.

बदल खरोखर झाला की नाही, हे ओळखण्याची पक्की खूण म्हणजे तिकिटाचा क्रमांक. आरक्षणाचा सहा अक्षरांचा संकेत वेगळा आणि तिकिटाचा तेरा अंकी क्रमांक वेगळा. त्या तेरापैकी पहिले तीन अंक कंपनीचे असतात: अमेरिकनचे ००१, डेल्टाचे ००६, युनायटेडचे ०१६. नव्या भाड्याने तिकीट निघाले की आरक्षणाचा संकेत तोच राहिला तरी तिकिटाचा क्रमांक बदलतो. ईमेलमध्ये जुनाच क्रमांक असेल तर बदल अर्धवट राहिला आहे. आरक्षण बदलले पण तिकीट नव्याने निघाले नाही, ही अवस्था सर्वांत वाईट, कारण ती पडद्यावर ठीक दिसते आणि विमानतळावर बोर्डिंग पास मागतानाच उघडी पडते. एका दिवसात नवा क्रमांक आला नाही तर कंपनीला फोन करून तिकीट नव्याने काढून घ्यावे. बदलानंतर आधी निवडलेल्या जागाही पाहाव्यात. त्या सुटून गेलेल्या असू शकतात, आणि पैसे देऊन घेतलेली जागा असेल तर ते पैसे नव्या आरक्षणात आले का हेही पाहावे.

भाडे तिकीट काढल्यानंतर पहिल्या २४ तासांतच उतरले, तर क्रेडिटच्या भानगडीत पडायचे कारण नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमाप्रमाणे, प्रवासाला सात किंवा अधिक दिवस असताना थेट कंपनीकडून काढलेले तिकीट २४ तासांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत द्यावे लागतात, किंवा तेवढा काळ पैसे न घेता भाडे राखून ठेवण्याची सोय द्यावी लागते. हा नियम बेसिक तिकिटालाही लागू आहे आणि अमेरिकेत तिकिटे विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही. नेवार्कहून मुंबईला जाण्याचे तिकीट काढणाऱ्या मराठी कुटुंबालाही त्याचा उपयोग होतो. तिकीट काढल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा भाव पाहणे हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा उपाय आहे, कारण इथे मिळते ती रोख रक्कम. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१६ मध्ये थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटांसाठी अशीच २४ तासांची मुभा आणली. त्या वेळी तिलाही प्रवासाला सात दिवस असण्याची अट होती.

मैल किंवा गुण खर्च करून काढलेल्या तिकिटांचा हिशेब याहून स्वच्छ आहे. युनायटेड, अमेरिकन आणि साउथवेस्ट यांच्याकडे ठरलेले विमान तेच ठेवून कमी मैलांत मिळाले, तर फरकाचे मैल खात्यात परत येतात. त्यांना एका वर्षाची मुदत चिकटत नाही आणि ते खातेदाराने कुणाच्याही तिकिटाला वापरावेत. भाडे वर-खाली होण्याची शक्यता असलेल्या लांबच्या तारखांसाठी ज्यांच्याकडे मैल आहेत त्यांनी मैलांनी तिकीट काढणे शहाणपणाचे आहे. खाली आले की बदलायचे, वर गेले की गप्प राहायचे.

भारताशी संबंधित प्रवासात दोन गोष्टींनी फसगत होते. पहिली म्हणजे प्रवास सुरू कुठून होतो. बदलशुल्काची माफी प्रामुख्याने अमेरिकेतून सुरू होणाऱ्या प्रवासाला आहे. मुलगा न्यू जर्सीत राहतो, पण त्याच्या आईवडिलांचे तिकीट मुंबईहून अमेरिकेला आणि परत असे असेल, तर तो प्रवास भारतातून सुरू होतो आणि त्याच कंपनीच्या त्याच वर्गाच्या तिकिटावर बदलशुल्क लागू शकते. पैसे मुलाने अमेरिकन कार्डावरून भरले म्हणून फरक पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तिकीट कुणी काढून दिले. भारतात येण्या-जाण्याची तिकिटे अनेक कुटुंबे अमेरिकेतल्या भारतीय ट्रॅव्हल एजंटाकडून घेतात, कारण त्याच्याकडे कंपन्यांनी ठोक भावाने दिलेली भाडी असतात. अशा तिकिटावर कित्येकदा भाड्याचा आकडा छापलेलाच नसतो, त्याचे नियम कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नियमांपेक्षा वेगळे असतात आणि बदल एजंटाकडूनच करावा लागतो. कंपनीला फोन केला तर ती एजंटाकडे बोट दाखवते. एजंट स्वतःचे शुल्क लावतो. तिकीट एजंटाचे असेल तर संकेतस्थळावरचा उतरलेला भाव पाहून खुश होण्यापूर्वी या दोन गोष्टी विचाराव्यात: फरक परत मिळतो का, आणि तुमचे शुल्क किती. ऑनलाइन विकणाऱ्या मोठ्या तिकीटसेवांचेही हेच आहे. भारतातल्या देशांतर्गत तिकिटांवर तर बदलशुल्कच अनेकदा हजारांच्या घरात असते, त्यामुळे पाच हजारांचे तिकीट चार हजारांवर आले तरी बदलून काही उरत नाही.

प्रवासी काही न करताही कधी कधी दार उघडते, ते कंपनीनेच वेळ बदलल्यामुळे. महिनोन्महिने आधी विक्रीला आलेली वेळापत्रके प्रवासापर्यंत जशीच्या तशी राहत नाहीत. २०२४ मध्ये परिवहन खात्याने ठरवलेल्या नियमांनुसार देशांतर्गत विमानाची वेळ तीन तासांहून अधिक किंवा आंतरराष्ट्रीय विमानाची सहा तासांहून अधिक पुढे-मागे गेली, तर तो मोठा बदल समजला जातो. तो न स्वीकारणाऱ्या प्रवाशाला मूळ कार्डावर पूर्ण पैसे मिळण्याचा हक्क आहे, बेसिक तिकिटावरसुद्धा. अशा वेळी त्याच दिवसाचे दुसरे विमान स्वस्तात मिळत असेल, तर आधी नवे तिकीट काढावे आणि मग जुन्याचा परतावा मागावा. कंपनी बहुधा नव्या वेळेला ‘मान्य’ करण्याचा ईमेल पाठवते. भाव पाहण्यापूर्वी ते बटण दाबले की परताव्याचा हक्क संपतो.

उरला तो शेवटचा काळ. विमान सुटण्यापूर्वी तिकीट बदलले किंवा रद्द केले नाही आणि प्रवासी आलाच नाही, तर परताव्याविना घेतलेल्या तिकिटाची किंमत बहुतेक कंपन्यांत शून्य होते आणि आधीचा कोणताही नियम लागू राहत नाही. आधी बदलातून मिळालेले क्रेडिट मात्र वेगळे नोंदलेले असल्याने शाबूत राहते. वरच्या कुटुंबातली मुलगी १२ जूनला आजारी पडून जाऊ शकली नाही, तर विमान सुटण्याआधी तिचे तिकीट रद्द करावे. त्याचे क्रेडिट आणि एप्रिलचे ६४.५० डॉलर, दोन्ही तिच्या नावे पुढच्या फेब्रुवारीपर्यंत उभे राहतात.